आबाजींचा नातू आणि काकांचं इंग्रजी

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस तेराशेहून जास्त किलोमीटर धावते, सगळी महाराष्ट्रातच, आणि गोंदियाला येऊन थांबते. वाटेत पुणेरी, नगरी, खानदेशी, वऱ्हाडी अशी नाना तऱ्हेची मराठी डब्यात चढते आणि उतरते. एवढी सगळी मराठी ऐकून माणूस गोंदियाच्या फलाटावर पाय ठेवतो, तेव्हा समोरचा विचारतो, "कहाँ जाना है भैया?"

गोंदियाच्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. शहरात हिंदी, खेड्यात झाडीबोली, पोवारांच्या घरी पोवारी, सालेकसा-देवरीकडे गोंडी. बाजारात भाजीवाली मराठीत भाव सांगते, गिऱ्हाईक हिंदीत घासाघीस करतं आणि सौदा दोघांनाही पटेल अशा भावात होतो. एका भाषेत विचारलेल्याला दुसऱ्या भाषेत उत्तर देणं हा इथला रोजचा व्यवहार आहे. पण डॅलसहून आलेल्या सात वर्षांच्या नातवाने हेच केलं की त्याच जिल्ह्यात, त्याच माणसांच्या घरात, सुतक पडल्यासारखे चेहरे होतात.

असं घर आमगाव किंवा गोरेगाव तालुक्यात शोधत फिरावं लागत नाही. मुलगा आधी नागपूरला शिकला, मग पुण्याला नोकरी, मग अमेरिका. अमेरिकेतल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते तेव्हा इकडे पावसाळा असतो, त्यामुळे ही मंडळी नेमकी रोवणीच्या दिवसांत उतरतात. बांध्यांत पाणी, पऱ्हे उपटायची घाई, मजूर मिळत नाहीत म्हणून आबाजी त्रासलेले, आणि अशात दारात गाडी थांबते. नातू उतरतो. अंगणात वीसेक माणसं. पहिला प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही. तो त्याच्या डोक्यावरून त्याच्या आईकडे जातो: "याले मराठी येते का?"

"समजतं सगळं. बोलत नाही," आई सांगते. हे वाक्य तिने विमानतळापासून एवढ्यांदा म्हटलेलं असतं की आता तिला ते झोपेतही येईल.

"समजतं सगळं" या अर्ध्या वाक्यावर घरातल्या कुणाचाही विश्वास नसतो. फॉरेनचं पोट्टं, त्याला काय समजणार! मग त्याच्यासमोरच मोकळेपणाने गप्पा सुरू होतात. कुणी काय आणलं, कुणाला काय दिलं, काकीला दिलेली साडी आणि मावशीला दिलेली साडी यांतला फरक. नातू भिंतीला टेकून मोबाइल खेळत असतो. रात्री तो आईला शांतपणे अहवाल देतो: "मॉम, काकी सेज यू गेव्ह मावशी द बेटर साडी." आकलनाची यापेक्षा कडक परीक्षा कुठल्याही मंडळाला घेता येणार नाही, आणि पोरगा त्यात पहिल्या श्रेणीत पास झालेला असतो.

मग तो बोलत का नाही? घरातल्या प्रत्येकाकडे याचं एक उत्तर तयार असतं. काकांच्या मते त्याला शिंगं फुटलीत. आत्याच्या मते आईने शिकवलं नाही. (वडिलांनी का नाही शिकवलं, हे आत्या विचारत नाही, वडील तिचा भाऊ लागतो.) खरं कारण याहून साधं आहे, आणि ते व्याकरणात आहे.

"पोळी खाल्ली का?" हे वाक्य समजायला 'पोळी' ओळखता आली, 'खा' कानावर पडलं आणि विचारणाऱ्याच्या हातात ताट दिसलं की पुरतं. बाकीचं डोकं आपोआप भरून काढतं. पण "मी पोळी खाल्ली" हे स्वतः म्हणायचं तर पोळी स्त्रीलिंगी आहे हे आधी ठाऊक हवं. भात असेल तर खाल्ला, वरण असेल तर खाल्लं. खाणारा मुलगा आहे की मुलगी, याच्याशी त्या क्रियापदाला काही देणंघेणं नाही. आणि उद्याची गोष्ट करायची झाली की "मी खाईन", तिथे पोळीचं लिंग कुणी विचारत नाही. ऐकणाऱ्याला या सगळ्यावरून उडी मारता येते, बोलणाऱ्याला प्रत्येक पायरीवर पाय ठेवावा लागतो. त्या मुलाचा दिवस इंग्रजी शाळेत जातो, तिथल्या पायऱ्या त्याच्या पायाखालच्या असतात. त्याला भूक लागलेली असते, समोर वीस माणसं बघत असतात आणि "आय एट" हे दोन शब्द कुठलंही लिंग न विचारता तोंडात हजर असतात. तो तेच म्हणतो. त्याच्या जागी कुणीही म्हणालं असतं.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं ती त्याच्या पुढची ओळ. मूल इंग्रजीत उत्तरलं, आता मोठ्या माणसाने काय म्हणायचं? मुलाच्या तोंडून मराठी निघणार की नाही, हे बऱ्याच अंशी या तिसऱ्या वाक्यावर ठरतं. पहिलं वाक्य मोठ्यांचं, दुसरं मुलाचं, तिसरं पुन्हा मोठ्यांचं. चर्चा मात्र सगळी दुसऱ्यावरच चालते.

एलिझाबेथ लान्झा या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नॉर्वेतल्या एका घराचा बारकाईने अभ्यास केला, तो 1990च्या दशकात प्रसिद्ध झाला. आई अमेरिकन, तिची इंग्रजी, वडील नॉर्वेजियन, मुलगी दोन वर्षांची. मुलीने एका भाषेतल्या बोलण्यात दुसरी मिसळली की आईवडील पुढे काय म्हणतात, याच्या त्यांनी पाच तऱ्हा नोंदवल्या. त्या वाचताना नॉर्वे विसरायला होतं, कारण त्या पाचही तऱ्हा गोंदियाच्या अंगणात खाटेवर बसलेल्या सापडतात. नाती तेवढी आपली घालायची.

समजा ताटावर बसलेला नातू म्हणाला, "आय डोन्ट वॉन्ट मोर राइस."

आजी म्हणते, "का म्हन्ते रे बाबू?" तिला खरंच कळलेलं नसतं. ही पहिली तऱ्हा: मला समजलं नाही, पुन्हा सांग.

मावशीला अर्धं कळतं. ती अंदाज करते, "भात नको का तुला?" नातवाला फक्त मान हलवायची असते. ही दुसरी.

आई म्हणते, "बरं, भात नको. भात पुरे झाला." तिने प्रश्न विचारला नाही, चूक दाखवली नाही, त्याचंच म्हणणं मराठीत करून त्याच्यासमोर ठेवलं. ही तिसरी.

बाबा भाताचं भांडं नुसतं बाजूला सरकवतात आणि आबाजींना धानाच्या हमीभावाचं विचारतात. इंग्रजी आली काय, मराठी आली काय, काम झालं. ही चौथी.

आणि काका! काका नागपूरच्या एका कंपनीत आहेत, त्यांना इंग्रजी येतं, आणि ते येतं हे अंगणातल्या सगळ्यांना कळावं अशी संधी वर्षातून एकदाच येते. "व्हाय बेटा? यू आर अ ग्रोइंग बॉय! ईट, ईट!" ही पाचवी तऱ्हा, मुलाच्या भाषेत आपणही उडी मारायची.

लान्झा यांना दिसलं ते असं. आई आपल्याला नॉर्वेजियन कळतच नाही असं वागायची, पहिल्या-दुसऱ्या तऱ्हेने बोलायची. वडील काहीही चालवून घ्यायचे. ती चिमुरडी वडिलांशी बोलताना भाषा जास्त मिसळायची, आईशी बोलताना कमी. दोन वर्षांच्या मुलीलाही कुणाकडे कुठली भाषा चालते याचा हिशेब पक्का होता. वरच्या यादीत पहिली तऱ्हा मुलाला त्या भाषेकडे सर्वांत जास्त ढकलते आणि पाचवी सर्वांत कमी. म्हणजे इंग्रजी न येणारी आजी या घरातली सर्वांत चांगली शिक्षिका ठरते आणि पुतण्याची मराठी सुधारावी म्हणून सर्वांत मोठ्या आवाजात हळहळणारे काका शेवटचा नंबर पटकावतात. गंमत म्हणजे नातू परत जाताना मिठी मारतो ती काकांना. बिचाऱ्याला अंगणात पूर्ण वाक्य बोलणारं तेवढं एकच माणूस भेटलेलं असतं.

आता एखादा वाचक उत्साहाने म्हणेल, ठरलं तर! उद्यापासून सगळ्यांनी "का म्हन्ते?" म्हणायचं. इथे जरा थांबायला हवं. ती मुलगी दोन वर्षांची होती, आपला नातू सात वर्षांचा आहे. आबाजी बँकेतून आलेलं इंग्रजी पत्र चष्मा लावून वाचतात हे त्याने सकाळी पाहिलंय. बाबा रोज रात्री ऑफिसच्या बैठकीत तासभर इंग्रजी बोलतात हे त्याला दाराआडून ऐकू येतं. त्यांनी "मला समजलं नाही" म्हटलं की ती थाप आहे हे तो लगेच ओळखतो. थाप मारायचीच तर खेळासारखी मारावी. रोममध्ये जर्मन-इटालियन घर चालवणाऱ्या ट्राउटे टेशनर यांनी 1983च्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या दोन मुलींची हकिगत लिहिली आहे. मुली इटालियन बोलल्या की आई जर्मनमधून "काय म्हणालीस?" एवढंच विचारायची. तिला इटालियन येतं हे मुलींना अर्थातच ठाऊक होतं. तरी ते चाललं, कारण तो घरातला नेहमीचा रिवाज होता, रोजचा, लहानपणापासूनचा. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी अचानक लागू केलेला कायदा नव्हता.

अचानक लागू केलेल्या कायद्याचं काय होतं हे पाहायचं असेल तर ते जेवणाच्या वेळी पाहावं. "मराठीत माग, तरच आमरस मिळंल." पहिल्या दिवशी नातू कसंबसं "आमरस" म्हणतो. दुसऱ्या दिवशी खुणेने दाखवतो. तिसऱ्या दिवशी म्हणतो, "आय ॲम नॉट हंग्री." इथून पुढे मराठी म्हणजे खाण्याच्या आड येणारी गोष्ट झाली. आडमुठेपणाची ही लक्षणं ओळखायला सोपी आहेत: वाक्यं आखूड होत जातात, इंग्रजीतलीसुद्धा; मूल मोठ्यांऐवजी फोनकडे वळतं; आणि जी माणसं अट घालतात त्यांच्या खोलीत जायचं टाळतं. यातलं काही दिसलं की अट मागे घ्यावी. आमरस निमूटपणे वाढावा.

आजीची गोष्ट वेगळी. तिची थाप नाही, तिला खरोखरच कळत नाही, आणि नातवाला ते ठाऊक असतं. म्हणून घरभर इंग्रजी बोलणारा तोच मुलगा आजीजवळ बसला की दोन-दोन शब्दांची मराठी काढतो. "आजी, पाणी." "आजी, मांजर तिकडे." इतरांनी अशा वेळी एकच उपकार करावा, दुभाष्याचं काम करू नये. होतं उलटंच. नातू शब्द शोधत असतो, आजी वाट बघत असते, आणि मधूनच आत्या पचकते, "आई, तो म्हणते मांजर खाटेखाली गेली." संपलं. शोधायची गरज उरली नाही.

वाट बघण्याबद्दल एक जुनी नोंद आहे. अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मेरी बड रो यांनी 1970च्या सुमाराला मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात. सरासरी उत्तर होतं, सुमारे एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हा हिशेब मातृभाषेत उत्तर देणाऱ्या मुलांचा आहे. आपल्या नातवाला आधी मराठी ऐकायची, मग डोक्यात आलेलं इंग्रजी मागे सारायचं, मग पोळीचं लिंग आठवायचं. त्याला तीन सेकंद तरी द्यावेत. विदर्भातल्या अंगणात तीन सेकंदांची शांतता ही अवघड मागणी आहे, हे मान्य.

दुसरी मेख प्रश्नाच्या घडणीत आहे. मोठी माणसं मुलांना जे प्रश्न विचारतात ते बहुधा 'हो-नाही'चे असतात. जेवला का? झोप झाली का? बरं वाटते का इथं? मराठीत याचं उत्तर बहुधा नुसतं 'हो' नसतं, आपण क्रियापदच परत करतो. "जेवला का?" "जेवलो." इंग्रजीत वाढलेल्या मुलाला ही सवय नाही, तो "या" म्हणतो आणि मोकळा होतो. याच्या उलट टोकाचा प्रश्न म्हणजे "सांग, अमेरिकेत काय काय करतो?" एवढ्या मोठ्या प्रश्नाला तर मोठा माणूससुद्धा "चाललंय" असंच उत्तर देतो.

मधला प्रश्न उपयोगी पडतो. "दूध पाहिजे की ताक?" यात उत्तराचा शब्द प्रश्नातच दिलेला आहे. मुलाला फक्त दोहोंतला एक उचलायचा. तो "ताक" म्हणाला की एक मराठी शब्द तोंडातून निघाला, आणि तो कामाचा निघाला, ताक मिळालं. तो "बटरमिल्क" म्हणाला तरी हरकत नाही, "ताक? हे घे ताक" म्हणून पेला पुढे करावा. हेच चार-सहा दिवस झाले की प्रश्न जरा लांबवावा: "ताक इथं पितो की ओसरीवर?" उत्तर "ओसरीवर" आलं तर त्यात नुसता शब्द नाही, प्रत्ययही आला. पुढे: "ताक कुणी सांडलं, तू की मांजरीनं?" इथे तो "मांजरीनं" म्हणेल, कारण ते खरं नसलं तरी सोयीचं आहे, आणि त्या निमित्ताने सामान्यरूप आणि विभक्ती दोन्ही हाती लागतील. व्याकरणाचं पुस्तक जे पाचवीत आणतं ते ताकाच्या पेल्यात आटोपतं.

शेतात हे आणखी सोपं होतं. आबाजी नातवाला धुऱ्यावरून बांधीत घेऊन जातात. तिथे त्याला इंग्रजीत जे म्हणता येत नाही अशाच वस्तू जास्त असतात. बांधीला काय म्हणायचं, धुऱ्याला काय, पऱ्ह्याच्या जुडीला काय, हे डॅलसच्या शाळेने शिकवलेलं नाही. तो नाइलाजाने "बांधी" म्हणतो, आणि मग इंग्रजी वाक्यात मराठी शब्द यायला लागतात: "आबाजी, माय फूट इज स्टक इन द बांधी!" घरातल्या कडव्या मंडळींना ही खिचडी वाटते. भेसळीची भाषा म्हणून नाकं मुरडू नयेत. आबाजींनी म्हणावं, "पाय फसला बांधीत? थांब, काढतो." आधी पाय काढावा, हे सांगायला नको.

आता हसण्याविषयी. मूल एकदाचं मराठी वाक्य बोलतं आणि घर खो-खो हसतं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, कौतुकच असतं. पण मुलाला कौतुकाचं हसू आणि टिंगलीचं हसू यांतला फरक कळत नाही. बरं, हसतात कशावर? दिवसभर आईजवळ वाढलेला मुलगा आईचंच ऐकून "मी येते" म्हणतो, याच्यावर. आणि हसणारे आबाजी स्वतः सांगतात, "तो अमेरिकेहून येते दरसाल." इथल्या बोलीत 'तो येते' हे शुद्ध आहे, पुण्याच्या व्याकरणात नाही. तिकडे डॅलसच्या मंडळाच्या मराठी शाळेत 'मले' म्हटलं की शिक्षिका प्रेमाने 'मला' करून देतात, आणि इकडे 'मला' म्हटलं की चुलतभाऊ विचारतात, "पुण्याचा होय का रे?" एका वाक्यासाठी दोन्ही खंडांत दुरुस्ती सोसायची, यापेक्षा इंग्रजी बरी, असं त्या जिवाला वाटलं तर नवल नाही.

सगळ्यात मोठा गहजब होतो तो "आबाजी, तू ये ना" या वाक्यावर. इंग्रजीत आजोबांना आणि कुत्र्याला एकच सर्वनाम. पोराने तेच उचललं. काकी दचकते, "आबाजीले तू म्हनते!" लगेच धडा सुरू: तुम्ही म्हणायचं, जी लावायचं, या म्हणायचं. त्या गडबडीत आबाजींना कुठे यायचं होतं ते राहूनच जातं. शहाणे आबाजी आधी उठतात. "हो, येतो ना मी. आबाजी, तुम्ही या, असं म्हटलं ना तू? चाल." तोंडी दुरुस्ती झाली, तीही चालता चालता. भाषेचं शास्त्र याला काही म्हणो. आबाजी याला मांजर बघायला जाणं म्हणतात.

इथे आबाजींच्या घराची एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घर पोवारांचं आहे. आबाजींची आई आयुष्यभर पोवारी बोलली. आबाजी तिच्याशी पोवारीच बोलायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे आज डॅलसला असलेला, आजीचं सगळं समजायचा आणि तिला मराठीत उत्तर द्यायचा. आजी पोवारीत ओरडायची, नातू मराठीत "हो, आलो" म्हणायचा. त्यासाठी कुणी कधी बैठक बोलावली नाही, सुनेला दोष दिला नाही, संस्कार बुडाले म्हटलं नाही. शाळा मराठी, शहर हिंदी, पुढे पोटापाण्याला लागायचं, मग असंच चालायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. पुढच्या पिढीत तो पोवारी बोलणारा बाप झाला नाही. त्याच्या मुलाला ती समजतसुद्धा नाही.

हे एका घराचं नाही. जनगणनेत पोवारी हिंदीच्या शीर्षकाखाली मोजली जाते. 2001 साली ती मातृभाषा म्हणून सांगणारे सव्वाचार लाखांवर होते. 2011 साली सव्वातीन लाखांच्या आसपास उरले. गोंदिया, भंडारा, बालाघाट, सिवनी हा सगळा मुलूख धरून. दहा वर्षांत लाखभर माणसं कुठे परदेशी गेली नाहीत. त्यातली किती घरं "समजतं, बोलत नाही" या पायरीवरून खाली उतरली ते मोजलेलं नाही, पण ही पायरी कुठे जाते हे आबाजींच्या घरात बसून पाहता येतं. समजणाऱ्याचं मूल बहुधा समजणाराही राहत नाही. अमेरिकेतली मराठी त्याच जिन्यावर उभी आहे, एवढाच फरक की यावेळी जिना आबाजींना दिसतो आहे.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात आनिक द हाउअर यांनी 1,899 घरांची पाहणी केली. निष्कर्ष 2007 साली आले. घरात दुसरी भाषा बोलली जात असूनही चारांतलं एक मूल ती बोलत नव्हतं. कुठल्या घरांत मुलं बोलत होती? जिथे आईवडील दोघंही घरची भाषा बोलत आणि फार तर एकटाच बाहेरची भाषाही वापरी, तिथे शक्यता सर्वांत जास्त. आई एक भाषा, बाप दुसरी, अशी काटेकोर वाटणी केली की मूल हमखास दोन्ही बोलतं, ही समजूत त्या आकड्यांत टिकली नाही. डॅलसच्या घराला हे लागू केलं तर पहिला प्रश्न मुलाचा नसून त्याच्या आईबाबांचा येतो: ते दोघं एकमेकांशी स्वयंपाकघरात काय बोलतात? बहुतेक घरांत भांडण मराठीत होतं आणि मुलाशी बोलणं इंग्रजीत. मुलाला मराठी समजते ती याच भांडणांमुळे. ते वाया जात नाही, पण निदान अधूनमधून मुलाशीही मराठीत भांडावं.

सुट्टी संपते, मंडळी परत जातात, आणि मग वर्षभर उरतो रविवारचा व्हिडिओ कॉल. गोंदियात रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळ. पडद्यावर आजी, तिच्या खांद्यावरून आबाजी, मागे काका. "कसा हायेस?" "गुड." "जेवला?" "या." "अभ्यास करते?" "या." मग सगळे एकमेकांकडे बघत हसतात आणि फोन आईकडे जातो. इथेही ताकाचीच युक्ती चालते. आजीने हातात काहीतरी धरावं. एका हातात अंबाडीची जुडी, दुसऱ्या हातात लाखोरीची डाळ. "आज काय करू रे, हे की हे?" नातवाला निवाडा द्यायचा आहे. तो बोटाने दाखवेल. व्हिडिओवर बोट कुठे रोखलंय ते दिसत नाही, हा तंत्रज्ञानाचा मोठा उपकार. त्याला शब्द म्हणावाच लागतो. आणि पुढच्या रविवारी आजीने सांगावं, की तू म्हणालास म्हणून अंबाडी केली आणि आबाजींना आवडली नाही. मुलाला याचं उत्तर द्यावंसं वाटतंच.

चुलत भावंडांबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. त्यांना पाहुण्याची मराठी सुधारायची नसते, त्यांना दहावा गडी हवा असतो. पंधरा दिवसांत नातू अंगणातून ओरडायला लागतो, पण ओरडतो ते हिंदीत: "अबे, आउट है तू!" आईबाबा कपाळाला हात लावतात. आबाजी मात्र खूश असतात. पोरगा गोंदियाचा झाला, याचा त्यांना याहून मोठा पुरावा नको असतो.

राहता राहिले काका. सगळ्या अंगणात बदल करायचा झाला तर तो त्यांच्यापासून करावा, कारण त्यांना समजतं सगळं आणि तेच ऐनवेळी इंग्रजीत उत्तरतात. काकाजी, यंदा जुलैत गाडी दारात थांबेल, पोरगा ताटावर बसेल आणि "आय डोन्ट वॉन्ट मोर" म्हणेल, तेव्हा तोंडावर आलेलं "व्हाय बेटा" गिळा. "भात नको? बरं. मग वरण वाढू की ताक देऊ?" एवढंच विचारा, मनात तीनपर्यंत मोजा, आणि तोवर आत्याला बोलू देऊ नका. कंपनीतलं इंग्रजी सुट्टीनंतर कंपनीत लागेलच.